नवल कशाचे? : प्रौढपणीच्या पहिल्या अनुभवाचे लेखन

नाताळ विशेषांक, धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका आणि कुटुंबमेळाव्यांच्या निमित्ताने निघणाऱ्या पुस्तिका चाळताना एक लेख हमखास भेटतो. त्याचे शीर्षक 'माझा पहिला विमानप्रवास' असे तरी असते किंवा 'पवित्र भूमीच्या दिशेने' असे तरी. लेखक वा लेखिका बहुधा पन्नाशी ओलांडलेली असते. मुलगा आखातात किंवा कॅनडात स्थिरावलेला असतो, किंवा धर्मगुरूंच्या नेतृत्वाखाली जेरुसलेमची यात्रा निघालेली असते. मग पारपत्राची धावपळ, विमानतळावरील झगमगाट, कमरेचा पट्टा बांधताना उडालेली तारांबळ, हवाईसुंदरीचे स्मित, पिंजलेल्या कापसासारखे ढग, मुंगीएवढी माणसे आणि शेवटी परमेश्वराच्या थोरवीला वंदन. अशा क्रमाने लेख उतरतो आणि विमानाबरोबर आपणही सुखरूप खाली येतो. मात्र लेखक वर गेला होता याचा पुरावा त्या लेखात कुठेही सापडत नाही.

हे हेटाळणीने म्हणत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर वाडीतली वाट तुडवली आणि पासष्टाव्या वर्षी प्रथम जमिनीचा संपर्क सोडला, त्याला काहीच वाटले नसेल असे कोण म्हणेल? त्याला खूप काही वाटलेले असते. परंतु ते कागदावर येत नाही. त्याच्या जागी पूर्वी इतरांनी लिहिलेले येते. 'आश्चर्याने थक्क झालो' हे वाक्य लिहिणारा माणूस त्या क्षणी थक्क झालेला नसून, थक्क झाल्यावर काय लिहायचे असते ते आठवत असतो. प्रश्न असा की प्रौढपणी प्रथमच आलेल्या अनुभवातील नवल शब्दांत परत मिळवता येते का, आणि येत असेल तर कोणत्या वाटेने?

आपल्याकडे या प्रश्नाला एक ठरीव उत्तर दिले जाते, ते म्हणजे मुलाच्या दृष्टीने पाहावे. ऐकायला हे उत्तर गोड आहे, परंतु मला ते चुकीचे वाटते. चार वर्षांच्या मुलाला विमान आणि बैलगाडी सारखीच नवी असतात. त्याच्याजवळ मापच नसते, म्हणून त्याचे नवल सर्वत्र सारखे पसरलेले असते. प्रौढ माणसाजवळ मात्र माप असते. किती चालले की स्टेशन येते, शेजारच्या गावची घंटा कोणत्या वाऱ्यात ऐकू येते, भरतीचे पाणी बांधाच्या कोणत्या दगडापर्यंत चढते हे सारे त्याच्या अंगात मुरलेले असते. पहिल्या उड्डाणात जे घडते ते या मापाला घडते. नवे विमान हे त्याच्या नवलाचे कारण नसतेच. जुनी जमीन अनोळखी होते, हे त्याचे कारण असते. मुलाचे डोळे उसने घेऊ पाहणारा लेखक नेमके हे मापच फेकून देतो, आणि मग त्याच्या हाती ढगांचा कापूस तेवढा उरतो.

या म्हणण्याची परीक्षा एका मोठ्या लेखकाच्या लेखनावर घेऊन पाहू.

इराणचे राजे रेझाशाह पहलवी यांचे निमंत्रण आले, म्हणून रवींद्रनाथ ठाकूर 1932 सालच्या एप्रिलमध्ये विमानाने इराणला गेले. वय सत्तर पूर्ण झालेले, एकाहत्तरावा वाढदिवस पुढच्या महिन्यात होता. प्रकृती फारशी बरी नव्हती आणि समुद्रमार्गाचा लांबचा प्रवास झेपण्यासारखा नव्हता, म्हणून हा हवाई मार्ग. कलकत्त्याजवळच्या दमदम येथून 11 एप्रिलला एका डच विमानाने ते निघाले. बरोबर सून प्रतिमादेवी होत्या. अलाहाबाद, जोधपूर, कराची, इराणच्या किनाऱ्यावरील जास्क असे टप्पे घेत ते तिसऱ्या दिवशी बुशहरला पोहोचले. त्या काळी विमाने रात्री उडत नसत, म्हणून वाटेत मुक्काम करावे लागत. या प्रवासाचे वर्णन त्यांनी 'पारस्ये' या नावाने बंगालीत लिहिले. पुढे 1936 साली ते 'जापाने-पारस्ये' या पुस्तकात आले.

आता एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. हे त्यांचे पहिले उड्डाण नव्हते. 1921 मध्ये ते लंडनहून पॅरिसला विमानाने गेले होते. 'पारस्ये'मध्ये ते स्वतःच त्याची आठवण काढतात आणि जे सांगतात ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. त्या वेळी ज्या भूमीवरून आपण उठलो तिच्याशी आपले बंधन सैल होते, तिथल्या जमिनीने आणि पाण्याने आपल्याला मागे बोलावले नाही, म्हणून नांगर उचलताना ओढाताण झाली नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव आहे. या खेपेस मात्र बंगालच्या मातीची ओढ तोडून स्वतःला शून्यात सोडावे लागले आणि ते हृदयाला जाणवले.

म्हणजे पंचांगाप्रमाणे पहिले असलेले उड्डाण अनुभवाच्या दृष्टीने पहिले ठरले नाही, आणि दुसरे ठरले. आमच्या लेखकांना याचे मोठे आश्वासन वाटावे. 'पहिला' हा शब्द संख्येचा नाही. ज्या वेळी माणसाचे स्वतःचे काहीतरी खाली राहते, ती त्याची पहिली वेळ. मुलाकडे मस्कतला तीनदा जाऊन आलेली एखादी आई चौथ्या खेपेस, नवऱ्याच्या दफनानंतर जेव्हा एकटी निघते, तेव्हा ती प्रथमच उडत असते. तिने लिहायचे ते त्या चौथ्या प्रवासाविषयी. परंतु आमच्या स्मरणिकांची चौकट तिला सांगते की, बाई, पहिल्या खेपेचे लिहा, पट्टा बांधता आला नव्हता ते लिहा, लोकांना हसू येईल.

रवींद्रनाथांच्या वर्णनाकडे पुन्हा वळू. विमान वर चढते तसतसे ते काय पाहतात? विमानातील आसने, चालक, जेवण यांवर ते रेंगाळत नाहीत. त्यांचे लक्ष खाली आहे. पृथ्वीशी आपला संबंध पाच इंद्रियांनी जोडलेला असतो. वर जाताना त्यातली एकेक इंद्रिये गळत जातात आणि एक डोळा तेवढा राहतो. मग तोही दुबळा होतो. लांबी, रुंदी आणि खोली असलेली खरी पृथ्वी केवळ लांबी-रुंदीचे चित्र होते, आणि चित्रही पुसट होत जाते. जी भूमी असंख्य गोष्टींनी आपले अस्तित्व आपल्यावर लादत होती, तिचे ते लादणे हळूहळू संपते.

येथे आपण 'मुंगीएवढी माणसे' ही आपली नेहमीची उपमा शेजारी ठेवून पाहावी. मुंगी म्हटले की आकार लहान झाला, एवढेच कळते. रवींद्रनाथ सांगतात ते लहान होण्याविषयी नाही. त्यांच्या सांगण्यात खरेपणा कमी होतो. एक मापाची गोष्ट आहे, दुसरी अस्तित्वाची. आणि हे त्यांना दिसले, कारण सत्तर वर्षे ते याच पृथ्वीला स्पर्शाने, वासाने, आवाजाने ओळखत आले होते. शिलायदहला पद्मेच्या पात्रात नावेवर महिनोन् महिने राहिलेला माणूस आहे तो. काय हरवले हे ज्याला मोजता येते, त्यालाच हरवल्याचे नवल करता येते. मुलाला ते जमले नसते.

यंत्राविषयीही ते लिहितात, पण तेही आपल्या जुन्या ओळखीच्या आधारे. पक्ष्याचे उडणे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले. पक्ष्याच्या पंखांचा आणि वाऱ्याचा मेळ असतो, त्यात सौंदर्य असते. विमान मात्र गर्जना करीत, आकाशाशी भांडत जाते. ही तक्रार खरी आहे की वृद्धापकाळाची कुरकुर आहे, याबद्दल मतभेद होऊ शकेल. मला त्यात थोडी कुरकुर दिसते. परंतु तिच्यातही एक प्रामाणिकपणा आहे. जे सुंदर वाटले नाही ते सुंदर म्हणायचे नाही, मग निमंत्रण राजाचे असो की विमान नवे असो. आमच्या लेखांत प्रत्येक गोष्ट 'अविस्मरणीय' असते.

आणि मग लेखाला असे वळण लागते की वाचकाने थांबून श्वास घ्यावा. पृथ्वी अशी पुसट झाल्यावर तिच्यावर संहार करणे सोपे जाते, हे रवींद्रनाथांच्या लक्षात येते. वरून शतघ्नी सोडणाऱ्याचा हात कापत नाही, कारण ज्यांना तो मारतो ते त्याला दिसतच नाहीत. अपराधाचे माप मोजायला काही शिल्लक उरत नाही. येथे ते स्वतःच्या परंपरेलाही सोडत नाहीत. अर्जुनाचे करुणेने भरलेले मन ज्या तत्त्वज्ञानाने उंच नेले, तेथून मारणारा कोण आणि मरणारा कोण हे दिसेनासे होते, म्हणजे तोही एक प्रकारचा विमानप्रवासच, असे ते म्हणतात. अशी विमाने माणसाच्या शस्त्रागारात पुष्कळ आहेत, साम्राज्याच्या नीतीत आहेत, समाजाच्या नीतीत आहेत आणि धर्माच्या नीतीतही आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे.

गीतेच्या त्यांच्या या वाचनाशी अनेक विद्वान सहमत होणार नाहीत, आणि तो वाद येथे करण्याचे कारण नाही. आपल्याला थांबायला हवे ते पुढच्या उल्लेखापाशी, कारण तो आपल्याविषयी आहे. बगदादमध्ये ब्रिटिशांचे हवाई दल होते. त्या दलाच्या ख्रिस्ती धर्मगुरूने रवींद्रनाथांना सांगितले की, तिथल्या काही शेखांच्या गावांवर दलाकडून बॉम्बवर्षाव चालू आहे. ज्या ख्रिस्ताने सर्व माणसांना पित्याची लेकरे म्हटले, त्याच्या सेवकाला तो पिता आणि ती लेकरे दोन्ही दिसेनाशी झाली, साम्राज्याच्या विमानातून ती ओळखू आली नाहीत, अशी खंत ते नोंदवतात. त्या धर्मगुरूने हवाई दलासाठी त्यांच्याकडे संदेशही मागितला होता, आणि त्यांनी तो दिला.

हा परिच्छेद कॅथलिक वाचकाने वाचताना मनात एक पळवाट तयार होते. तो धर्मगुरू ब्रिटिश लष्कराचा होता, आपला नव्हता, आपल्या संप्रदायाचाही बहुधा नसावा. ही पळवाट घेऊ नये. रवींद्रनाथ त्या माणसाचे नाव देत नाहीत, त्याला दुष्ट म्हणत नाहीत, त्याची खिल्ली उडवत नाहीत. तो सहज बातमी सांगावी तसे सांगतो, आणि त्या सहजपणातच सारे आहे. उंची माणसाला क्रूर करीत नाही, ती फक्त त्याची दृष्टी पुसट करते. हे वाक्य लिहिण्यापूर्वी कवीने स्वतःच्या डोळ्यांनी ती दृष्टी पुसट होताना पाहिली होती. म्हणून त्या धर्मगुरूवरची टीका उपदेशासारखी लागत नाही. आपणही त्या उंचीवर गेलो होतो आणि आपल्यालाही खालची माणसे दिसली नाहीत, हे ते आधीच सांगून बसलेले आहेत.

रचनेच्या दृष्टीने एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. प्रवासाच्या क्रमात बगदाद सुमारे महिन्याभराने आले. इराण पाहून झाल्यावर कवी इराकमार्गे परतले. परंतु लिहिताना त्यांनी ती बातमी उड्डाणाच्या वर्णनाला लगटून ठेवली. रोजनिशी लिहिणाऱ्याने ती तिच्या तारखेला ठेवली असती, आणि दोन्ही गोष्टी निष्प्रभ झाल्या असत्या. नवल परत मिळवायचे तर आठवणींची ही हलवाहलव करावी लागते. त्यात खोटेपणा नाही. काय घडले ते बदललेले नाही, कशाच्या शेजारी काय ठेवायचे तेवढे बदलले आहे.

येथे एक जुने उदाहरण आठवते, आणि ते आपल्या परंपरेतले असल्यामुळे त्याची थोडी कठोर तपासणी करायला हरकत नाही. इटालियन कवी पेत्रार्क 26 एप्रिल 1336 रोजी फ्रान्सच्या दक्षिणेतील व्हाँतू नावाचा सुमारे 1900 मीटर उंचीचा डोंगर चढला. वय एकतीस. हा डोंगर तो लहानपणापासून पाहत आला होता, कारण त्याचे बालपण त्याच प्रदेशात गेले. बरोबर धाकटा भाऊ गेरार्दो होता. वाटेत भेटलेल्या एका वृद्ध मेंढपाळाने त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पन्नास वर्षांपूर्वी मीही चढलो होतो, श्रम आणि पश्चात्ताप यांशिवाय काही मिळाले नाही, अंग आणि कपडे काट्यांनी फाटले तेवढे, असे त्याचे सांगणे. भाऊ सरळ चढणीने वर गेला, पेत्रार्क सोपी वाट शोधत दरीत भरकटत राहिला. माथ्यावर पोहोचल्यावर त्याने आल्प्सची शिखरे पाहिली, दूरचा समुद्र पाहिला, पायथ्याशी ऱ्होन नदी पाहिली. मग खिशातील लहान पुस्तक उघडले. ते होते संत ऑगस्टीनचे 'कन्फेशन्स'. जे पान उघडले त्यावर नेमका तोच भाग होता, जेथे संत म्हणतात की माणसे डोंगर, समुद्र, नद्या आणि तारे पाहून विस्मित होतात आणि स्वतःकडे पाहायचे विसरतात. पेत्रार्क खजील झाला, पुस्तक मिटले आणि पायथा येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

हा प्रसंग त्याने दिओनिजी या ऑगस्टिनियन संन्याशाला लिहिलेल्या पत्रात सांगितला आहे. त्याच संध्याकाळी, जेवण तयार होत असताना घाईने लिहिले, असे पत्रात म्हटले आहे. अभ्यासकांना मात्र ते पटत नाही. पत्राची आजची सुघड रचना 1353 च्या सुमाराची असावी, असे अनेकांचे मत आहे. तोपर्यंत दिओनिजी निवर्तून अकरा वर्षे झाली होती. गेरार्दो 1343 मध्ये कार्थुसियन मठात गेला होता, आणि पत्रातील 'सरळ वाटेने वर गेलेला भाऊ' हा संन्यासी भावाचा संकेत तर नव्हे ना, अशी शंका येते.

उशिरा लिहिले हा दोष नाही. रवींद्रनाथांनीही महिन्याभराचे हलवले, पेत्रार्कने सतरा वर्षांचे हलवले असेल. माझी तक्रार निराळी आहे. आल्प्स, समुद्र आणि नदी मिळून त्या लांबलचक पत्रात मोजक्या ओळी येतात. पुस्तक उघडले की डोंगर संपला. संतांचे वचन एवढ्या तयारीने वाट पाहत बसले होते की, कवीने माथ्यावर पाय ठेवण्यापूर्वीच निष्कर्ष ठरलेला होता. पत्रातील मला खरे वाटणारे स्थळ वेगळेच आहे. उतरताना तो मागे वळून पाहतो आणि ते प्रचंड शिखर त्याला जेमतेम हातभर उंच वाटते. यामागे उपदेश आहेच, तरी त्या वळून पाहण्यात एक शरीर आहे, दमलेले, मान वळवणारे. मेंढपाळाचे फाटलेले कपडेही खरे आहेत. बाकी बराचसा भाग प्रवचन आहे, उत्तम प्रवचन आहे, पण डोंगर नाही.

आमच्या नियतकालिकांतील लेखन रवींद्रनाथांपेक्षा पेत्रार्कच्या वाटेने जाते, आणि तेही त्याच्या प्रतिभेवाचून. ढग दिसताच दुसऱ्या ओळीत निर्मात्याची थोरवी. गालील समुद्र दिसताच तिसऱ्या ओळीत पेत्राचा अविश्वास. यात श्रद्धा कमी नसते, असलीच तर घाई असते. आपल्याला भीती वाटते की अनुभव तसाच उघडा ठेवला तर कोणी म्हणेल, याने देवाचे नाव का घेतले नाही? परंतु बायबलातील स्तोत्रकार आधी चंद्र आणि तारे पाहतो, मग विचारतो की माणूस कोण. आठव्या स्तोत्रात तो प्रश्न आहे, उत्तर म्हणून चिकटवलेला नाही. आणि त्या प्रश्नाच्या आधी आकाशाकडे पाहायला त्याने वेळ काढला आहे.

येथे कोणी विचारील की, नवल जर शब्दांच्या मांडणीतूनच यायचे असेल तर प्रत्यक्ष उडण्याची गरज काय? हा प्रश्न व्हर्जिनिया वुल्फ यांनी फार खट्याळपणे उपस्थित केला. त्यांचा 'फ्लाइंग ओव्हर लंडन' हा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर 1950 मध्ये संग्रहात आला. लहान विमान, त्याचा चालक, जमीन सुटल्याचा क्षण, ढगांतून जाताना मृत्यूची चाहूल, खाली पसरलेले लंडन, पुन्हा रस्त्यावरची माणसे ओळखू येणे, हे सारे त्यात इतके नेमके आहे की वाचकाचे पोट आत ओढले जाते. आणि अखेरीस त्या सांगतात की, विमान उडालेच नव्हते. चालकाने इंजिन सुरू करून पाहिले, त्यात बिघाड आढळला आणि त्याने ओशाळून आज जमायचे नाही असे सांगितले.

या निबंधाकडे दोन प्रकारे पाहता येते. कल्पनाशक्तीचा विजय म्हणून टाळ्या वाजवता येतात, आणि बहुतेक समीक्षक तेच करतील. मला त्यातील कबुली अधिक महत्त्वाची वाटते. वुल्फ यांनी ती शेवटी केली नसती, तर निबंध वाईट झाला नसता, पण तो साक्ष म्हणून खोटा ठरला असता. आपल्या समाजात साक्ष देणे ही गोष्ट केवळ वाङ्मयीन नाही. प्रार्थनासभेत उठून सांगितलेला अनुभव लोक खरा मानतात, त्यावर धीर धरतात. म्हणून उसन्या ढगांचे वर्णन करणारा आमचा लेखक वुल्फपेक्षा अधिक खोटा असतो, जरी तो खरोखर उडाला असला तरी. तिने न उडता पाहिले आणि तसे सांगितले. हा उडाला, पण पाहिले दुसऱ्याच्या लेखातून, आणि ते सांगितले नाही.

आता एका हस्तलिखिताविषयी सांगतो. नाव देत नाही, आणि लेखिकेची संमती घेतलेली आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील ही बाई. चाळीस वर्षे फुलांचा व्यवसाय केला, पहाटेच्या लोकलने टोपली दादरला नेऊन विकली. बासष्टाव्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी दुबईला गेली. तिने लिहिलेला लेख आठ पानांचा होता. पहिली साडेपाच पाने नेहमीची. सहाव्या पानाच्या मध्यावर एक परिच्छेद होता, जो तिने स्वतः महत्त्वाचा मानला नव्हता.

त्यात असे होते. विमान वळले तेव्हा खिडकीतून खाडी दिसली. तिने पाणजू बेट ओळखले. ते बेट तिने चाळीस वर्षे रेल्वेच्या पुलावरून, अंधारात, झाडांच्या काळ्या रेषेसारखे पाहिले होते. ते आले की उठून दाराशी जायचे नसते, अजून भाईंदर यायचे असते, एवढाच त्याचा तिला उपयोग. वरून पाहताना तिला प्रथमच कळले की, त्याला चारी बाजूंनी पाणी आहे. बेट हा शब्द तिला ठाऊक होता, गावाचे नावही ठाऊक होते, तिथल्या बायका बाजारात भेटत. तरी ते बेट आहे हे कळले नव्हते. मग तिने पूल शोधला. पुलावर गाडी होती की नाही ते दिसेना. ती लिहिते की, गाडी असेल तर तिच्यात टोपलीवाल्या बायका असतील, आणि आपण त्यात नाही, हे मला चमत्कारिक वाटले. पुढे तिने हिशेब मांडला आहे, चाळीस वर्षे, आठवड्यातून सहा दिवस, जाऊन-येऊन. गुणाकार मात्र सोडून दिला आहे.

हा परिच्छेद रवींद्रनाथांच्या जातीचा आहे, हे म्हणताना मला संकोच वाटत नाही. दोघांच्याही लिखाणात विमान गौण आहे. दोघांनाही नवल वाटते ते जुन्या ओळखीच्या गोष्टीचे. दोघांनाही खालची माणसे दिसेनाशी झाल्याचे जाणवते. फरक एवढाच की कवीला त्यातून संहाराची सोय दिसली आणि या बाईला स्वतःची रिकामी जागा दिसली. 'चमत्कारिक' हा तिचा शब्दही पाहावा. 'अद्भुत' नाही, 'अविस्मरणीय' नाही. काहीतरी जुळत नाही, असे सांगणारा तो घरगुती शब्द आहे.

तिच्या उरलेल्या साडेसात पानांचे काय करायचे, यावर आमचे तिच्याशी दोनदा बोलणे झाले. मी सुचवले की, प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा : हे वाक्य विमानात न बसलेल्या माणसाला लिहिता आले असते का? आले असते तर काढा. तिने स्वतःच पेन्सिल घेतली. पट्टा गेला, हवाईसुंदरी गेली, ढग गेले. एक वाक्य मात्र मी काढायला सांगितले आणि तिने काढले नाही. विमानातल्या जेवणाबरोबर आलेले लोणी तिने रुमालात बांधून ठेवले, नातवंडासाठी म्हणून, आणि ते वितळून पिशवीतल्या रोझरीला लागले. मला ते वाक्य सर्वसामान्य विनोदाचे वाटले होते. ती म्हणाली, 'तुम्ही विचारा ना तुमचाच प्रश्न त्याला.' तिचे म्हणणे बरोबर होते.

शेवटची ओळ तिने आधी परमेश्वराच्या आभाराची लिहिली होती. ती तिने ठेवली, पण जागा बदलली. आता ती ओळ खाडीच्या परिच्छेदाच्या आधी, धावपट्टीवर विमान वेग घेत असताना येते. तिथे ती प्रार्थना वाटते, कारण त्या क्षणी ती खरोखर घाबरलेली होती. लेख आता अडीच पानांचा आहे आणि पुलावर गाडी होती की नाही, या वाक्यापाशी थांबतो. गुणाकार तिने अजूनही केलेला नाही, आणि आम्हीही तो छापताना करणार नाही.